एका गिअरबॉक्सची तीन दुखणी: चिकटून घासणं, कणांनी कापणं आणि खड्डे

(मुंबईत मेंटेनन्सच्या मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे टेबलावर तीन पार्ट ठेवलेत. एक होलो शाफ्टचा तुकडा, एक छोटा पिनियन आणि मोठ्या गिअरचा कापून आणलेला तुकडा, त्यावर चार-पाच दात आहेत. हातात घेऊन बघा, मागे पाठवा, फक्त पिनियनच्या दातांच्या टोकाला जपून, बोट कापेल. तिन्ही पार्ट एकाच गिअरबॉक्समधले आहेत, तिन्ही गेलेत, पण तिन्ही वेगवेगळ्या कारणाने गेलेत. आज बोलायचंय ते एवढ्यावरच. कारण आपल्याकडे दात गेला की सगळ्यांचं एकच असतं, "घासलाय साहेब, जाड ऑइल टाका". आणि जाड ऑइलवर भागलं नाही की मग डबा येतो, मॉली पावडरचा. या बॉक्सलाही तो डबा आला होता, त्याने काय झालं ते सांगतो पुढे.

आधी बॉक्स कुठला ते. रेडिमिक्स काँक्रीटचा प्लांट, आपल्या मुंबईतलाच, नाव घेत नाही. खडी आणि क्रश सँड वर चढवणारा तिरका कन्व्हेयर, चढ साधारण १८ अंशांचा. वरच्या पुलीच्या शाफ्टवरच चढवलेला गिअरबॉक्स, म्हणजे शाफ्ट माउंटेड, १५ किलोवॅटची मोटर, व्ही-बेल्टने ड्राइव्ह, आत हेलिकल गिअरच्या दोन जोड्या, रेशो २०. इनपुटला १४४० आरपीएम, आउटपुटला ७२. ऑइल सहा लिटरच्या आसपास, मिनरल, व्हीजी ३२०. आणि तिरका कन्व्हेयर असल्यामुळे आत बॅकस्टॉप, म्हणजे लाइट गेली तर भरलेला पट्टा उलटा खाली पळू नये म्हणून शाफ्टला एकाच दिशेने फिरू देणारा क्लच. हा बॅकस्टॉप लक्षात ठेवा, तो आतच बसलेला आहे, त्याच ऑइलमध्ये.

आता पहिला पार्ट, होलो शाफ्ट. याच्यावर ऑइल सीलची लिप जिथे टेकते तिथे गोल फिरलेली खाच दिसतेय बघा, नख फिरवलं की अडकतं. मोजली तर ०.३५ मिलिमीटर खोल भरली. प्रश्न असा की सील रबराचं, शाफ्ट स्टीलचा, मग खाच रबराला पडायची सोडून स्टीलला कशी पडली? सील मऊ आहे म्हणूनच पडली. बाहेरून आलेला धुळीचा कण मऊ रबरात रुतून बसतो आणि तिथेच राहतो, शाफ्ट त्याच्याखालून मिनिटाला ७२ वेळा फिरतो, म्हणजे लिपचा पॉलिश पेपर झाला. पेपरचा कागद मऊच असतो, कापतो तो त्यावरचा कण. ज्या पार्टमध्ये कण रुततो तो वाचतो आणि समोरचा कापला जातो. म्हणून ग्रीसलेल्या बुश बेअरिंगमध्ये पण कितीदा बुश ठीक दिसतो आणि शाफ्टवर रिंगा पडलेल्या असतात, आणि लोक बुश बदलून मोकळे होतात.

हा अब्रेसिव्ह वेअर. यात सगळा हिशोब कठीणपणाचा. नदीच्या वाळूत क्वार्ट्झ असतं, मोह्स स्केलवर ७. आपल्याकडची क्रश सँड मात्र काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची, त्यात मुख्य फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन, ते ६ च्या आसपास. म्हणजे थोडी मऊ, पण खूश व्हायचं कारण नाही, कारण हा शाफ्ट ईएन८ चा, हार्डनिंग न केलेला, विकर्समध्ये दोनशे-अडीचशे, आणि ती धूळ त्याच्या दुप्पटीहून कठीण. साधारण नियम असा की कण पृष्ठभागापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त कठीण असला की तो मोकळेपणी कापतो, आणि पृष्ठभाग कणापेक्षा कठीण केला की झीज एकदम खाली येते. हळूहळू नाही, एकदम. म्हणून या ठिकाणी दोनशेचं तीनशे विकर्स करून काही हाती लागत नाही, करायचं तर सातशे-आठशेच्या वर जायला पाहिजे. सीलच्या डीआयएन ३७६० स्टँडर्डमध्येही शाफ्ट किमान ४५ एचआरसी सांगितलाय, आणि धुळीच्या जागी ५५.

आणि ऑइल? ऑइलने या दुखण्यात काही होत नाही, हे मला जरा ठासून सांगायचंय. ऑइलची फिल्म एक मायक्रॉनच्या आत-बाहेर, धुळीचा कण दहा-वीस मायक्रॉनचा. तुम्ही ३२० चं ४६० केलंत तर फिल्म अर्धा मायक्रॉन होती ती फार तर दीड दशांश मायक्रॉनने वाढेल, कणाला काय फरक पडतो? उलट जाड ऑइलमध्ये कण खाली बसायला वेळ लागतो, तो फिरत राहतो. अब्रेसिव्हला इलाज दोनच, कण आत येऊ देऊ नका, आणि जिथे येणारच तिथे पृष्ठभाग कणापेक्षा कठीण करा.

मग या शाफ्टचं काय केलं? पर्याय तीन होते. हार्ड क्रोम, विकर्स साडेआठशे ते हजार, आपल्याकडे करून मिळतं, पण नंतर ग्राइंडिंग नीट पाहिजे. एचव्हीओएफ गनने टंगस्टन कार्बाइडचा स्प्रे, कोबाल्ट-क्रोम बाइंडरवाला, हजार-अकराशेच्या वर, उत्तम, पण स्प्रे केलेला पृष्ठभाग तसाच ठेवला तर खरखरीत असतो, तो पंधरा दिवसांत लिप खाऊन टाकेल, त्याला डायमंड व्हीलने ग्राइंड करून पॉलिश करावंच लागतं. आणि तिसरा, पातळ स्टेनलेसची रिपेअर स्लीव्ह, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची, खाचेवर ठोकून बसवायची, सील साइज तीच राहते. इथे शाफ्टवर स्लीव्ह बसवली नाही, क्रोम केलं, कारण स्लीव्ह पातळ आणि धूळ भरपूर, आणि शाफ्ट तसाही बाहेर काढलेलाच होता. गाडीच्या क्रँकला किंवा जिथे शाफ्ट काढायचा म्हणजे दोन दिवस जातात तिथे मी स्लीव्हच सांगेन. एक बारीक गोष्ट, सीलच्या जागेचं ग्राइंडिंग करताना व्हील सरळ आत घालायचं, शाफ्टच्या लांबीवर सरकवायचं नाही. सरकवलं की डोळ्याला न दिसणारा आटा पडतो आणि शाफ्ट फिरला की तो आटा पंपासारखा ऑइल बाहेर ढकलतो. मग नवं सील, नवं क्रोम, आणि पहिल्या दिवसापासून गळती, आणि सगळे सीलवाल्याला शिव्या घालतात. फिनिश, म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा, आरए ०.२ ते ०.८ मायक्रॉनच्या मधे. ०.२ पेक्षा गुळगुळीत पण नको, लिपखाली ऑइल धरून ठेवायला थोडा खडबडीतपणा लागतो.

आणि मुळात धूळ लिपपर्यंत आलीच कशी? कारण संध्याकाळी प्लांट धुताना प्रेशर जेट थेट सीलवर मारायचे. जगातलं कुठलंही सील त्याला पुरं पडणार नाही. बाहेरून एक पत्र्याचं गार्ड आणि डबल लिप सील, मधल्या जागेत ग्रीस, एवढंच केलं.

आता दुसरा पार्ट, पिनियन. हा वेगवान जोडीतला, १४४० वर फिरणारा. दाताकडे तिरका उजेड पाडून बघा, मोबाइलचा टॉर्च लावा. दाताच्या टोकाकडे आणि मुळाकडे दोन पट्टे दिसतील, फाटल्यासारखे, मळकट, दाताच्या उंचीच्या दिशेने ओरखडे गेलेले, आणि मधोमध एक अरुंद पट्टी जवळपास नव्यासारखी, मशीनिंगच्या खुणा सुद्धा शाबूत. ती मधली पट्टी म्हणजे पिच लाइन. तिथे दोन दात एकमेकांवर फक्त लोळतात, घसरत नाहीत. जसजसं टोकाकडे किंवा मुळाकडे जाल तसं घसरणं वाढतं. आणि नुकसान फक्त घसरणाऱ्या भागात झालंय. म्हणजे हा अॅधेसिव्ह वेअर, गिअरमध्ये त्याला स्कफिंग म्हणतात.

स्टीलचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत वाटला तरी सूक्ष्मदर्शकाखाली डोंगररांगाच असतात, दोन पार्ट एकमेकांवर टेकले की टेकतात फक्त शिखरं. दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी थोड्या भागावर सगळा भार, तिथे धातू दबतो, वरचा ऑक्साइडचा थर फुटतो आणि उघडा धातू उघड्या धातूला चक्क वेल्ड होतो. पार्ट पुढे सरकला की तो सांधा तुटतो, पण सांध्यातच तुटेल असं नाही, बहुतेक वेळा एका बाजूच्या आतून तुटतो, आणि तुकडा समोरच्यावर चिकटून जातो. आर्चर्डने १९५३ मध्ये याचा एक साधा हिशोब मांडला: झिजलेला माल भाराच्या आणि घसरलेल्या अंतराच्या पटीत वाढतो, आणि कठीणपणाने भागला जातो, आणि पुढे एक गुणांक. गंमत त्या गुणांकात आहे. कोरडे, स्वच्छ, एकाच जातीचे धातू असतील तर तो शंभरात एकाच्या घरात, चांगलं ऑइलिंग असेल तर कोटीत एकाच्या घरात. भार तुम्ही अर्धा केलात तर झीज अर्धी होईल, पण ऑइल कमी पडलं तर झीज हजारपट, लाखपट. म्हणून स्कफिंग दिसलं की मी भार विचारतच नाही आधी, ऑइल पोचत होतं का ते विचारतो.

आणि इथे पोचत नव्हतं. लेव्हल काचेवर लेव्हल तर मधोमध होती म्हणे. पण बॉक्स १८ अंश तिरका बसलाय! बॉक्सची लांबी साडेतीनशे मिलिमीटर धरा, १८ अंशांचा टॅन ०.३२ च्या आसपास, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऑइलच्या पातळीत शंभराहून जास्त मिलिमीटरचा फरक, मधल्या काचेपासून वरच्या टोकाला पन्नासपेक्षा जास्त मिलिमीटर ऑइल कमी. आणि वरच्या टोकाला कोण बसलंय, तर हाच पिनियन आणि त्याचा जोडीदार. मॅन्युअलमध्ये माउंटिंग पोझिशनचे कोष्टक असतात, प्रत्येक पोझिशनला किती लिटर आणि कुठला प्लग लेव्हलचा, ते पान कुणी उघडलेलं नव्हतं. सुरुवातीला ज्याने भरलं त्याने अंदाजाने जास्त भरलं असावं म्हणून चाललं, मग सीलमधून गळत गळत लिटर-दीड लिटर गेलं, आणि वरचा गिअर ऑइलमध्ये बुडेनासा झाला.

म्हणजे बघा, पहिलं दुखणं दुसऱ्याला घेऊन आलं.

आता याच्यावर प्लांटवाल्यांनी काय केलं होतं. आवाज यायला लागला म्हणून कुणीतरी मॉली पावडरवालं अॅडिटिव्ह आणून ओतलं. मॉलिब्डेनम डायसल्फाइड पदार्थ म्हणून चांगलाच आहे, पापुद्र्यांसारखे थर असतात, एकमेकांवरून सरकतात, दोन धातूंच्या मधे थांबतात, अॅधेसिव्ह वेअरला अगदी बरोबर औषध. ईपी अॅडिटिव्ह म्हणजे गंधक-फॉस्फरसवाले, ते पण तसंच, शिखरं घासून तापली की तिथे रासायनिक क्रिया होऊन लोखंडाच्या सल्फाइड-फॉस्फेटचा पातळ थर बनतो आणि वेल्ड होऊ देत नाही. गिअर ऑइल म्हणून बाजारात मिळतं त्यात बहुतेक हे असतंच, आणि एफझेडजी नावाच्या टेस्टमध्ये त्याची परीक्षा होते, बारा पायऱ्या, पायरी पायरीने भार वाढवत जायचा आणि दात कुठल्या पायरीला स्कफ होतो ते बघायचं. चांगलं ईपी ऑइल बारावी पार करतं.

मग अडचण कुठे आली? बॅकस्टॉप! तो क्लच कसा चालतो, तर आतल्या छोट्या गोट्या-पाचरींसारखे स्प्रॅग उभे राहून रिंगमध्ये घट्ट रुततात, निव्वळ घर्षणावर. घर्षण कमी करणारी पावडर तुम्ही त्याच ऑइलमध्ये ओतलीत तर स्प्रॅग पण सरकणारच की. लाइट गेली, पट्टा भरलेला, आणि पट्टा दोन-तीन फूट उलटा आला आणि मग थांबला. खाली खडीचा ढीग झाला, माणूस कुणी नव्हता हे नशीब. ज्या बॉक्समध्ये बॅकस्टॉप त्याच ऑइलमध्ये आहे तिथे बरेच गिअरबॉक्स बनवणारे मॉली, ग्रॅफाइट वगैरे स्पष्ट मना करतात, आणि काहीजण ईपी सुद्धा नको म्हणतात किंवा ठराविकच ब्रँडची यादी देतात. बॅकस्टॉप बाहेर वेगळा, स्वतःच्या ग्रीसवर असेल तर ही अडचण नाही.

म्हणून या पिनियनचा इलाज ऑइलच्या डब्यातून करता येत नव्हता. लेव्हल बरोबर केली, म्हणजे १८ अंशांच्या हिशोबाने वेगळ्या जागी लेव्हल प्लग घेतला. नवा पिनियन घेतला तो मँगनीज फॉस्फेट करून. हे कोटिंग म्हणजे काळपट, सच्छिद्र थर, थोडे मायक्रॉन, तो ऑइल धरून ठेवतो आणि सुरुवातीच्या दिवसांत जेव्हा शिखरं अजून बसलेली नसतात तेव्हा धातूला धातू भिडू देत नाही. नंतर तो झिजून जातो, जायलाच पाहिजे, त्याचं काम रनिंग-इनपुरतं. त्यापुढे जायचं असेल तर टंगस्टन मिसळलेलं डीएलसी असतं, कार्बनचा काळा कठीण थर, स्टीलला चिकटत नाही त्यामुळे ऑइल कमी पडलं तरी काही काळ तग धरतो. महाग आहे, या बॉक्सला गरज नव्हती.

इथे एक इशारा देतो. टूल कोटिंगवाले तुम्हाला सोनेरी टायटॅनियम नायट्राइड करून देतो म्हणतील, ड्रिलवर दिसतं तेच. ड्रिल हायस्पीड स्टीलचं असतं, त्याला चालतं. पण केस हार्डन केलेला पिनियन कार्बुरायझिंगनंतर दीडशे-दोनशे अंशांवर टेम्पर केलेला असतो, आणि टायटॅनियम नायट्राइडचं कोटिंग बहुतेक ठिकाणी चारशे अंशांच्या वर होतं. म्हणजे वरून दोन-तीन मायक्रॉनचा कठीण सोनेरी थर मिळाला आणि खालचं ६० एचआरसीचं स्टील मऊ पडलं. मग तो थर खालून दबून अंड्याच्या... नाही, उपमा नको, तो थर तडकतो आणि त्याचे कण ऑइलमध्ये येतात, ते स्टीलपेक्षा तिप्पट कठीण. गिअरला कोटिंग देण्याआधी एकच प्रश्न विचारा, चेंबरमध्ये पार्टचं टेम्परेचर किती जाईल. दोनशेच्या आत सांगत असेल तरच पुढे बोला.

आता तिसरा तुकडा, मोठा गिअर, हळू फिरणारा. यावर ओरखडे फार नाहीत, खड्डे आहेत. आणि खड्डे कुठे आहेत बघा, सगळ्या दातावर विखुरलेले नाहीत, पिच लाइनच्या जरा खाली, मुळाच्या बाजूला, ओळीने. टिकलीएवढे काही, काही शेजारचे एकमेकांत मिसळून मोठे झालेत. हा पिटिंग, आणि याची जात वरच्या दोघांहून वेगळी आहे. वरच्या दोघांत माल पृष्ठभागावरून ओढला गेला किंवा कापला गेला, इथे माल थकला आहे. प्रत्येक फेरीत त्या जागेवर एकदा दाब येतो, जातो, येतो, जातो, मिनिटाला ७२, दिवसाला दहा तास चाललं तर त्रेचाळीस हजार वेळा.

दोन दात टेकतात तिथे एक अरुंद पट्टी चपटी होते, आणि तिच्यावर दाब गिगापास्कलच्या घरात. हर्ट्झच्या हिशोबाने सगळ्यात जास्त कातर ताण पृष्ठभागावर नसतो, त्या पट्टीच्या अर्ध्या रुंदीच्या पाऊणपट खोलीवर असतो. पट्टीची अर्धी रुंदी ०.३ मिलिमीटर धरा, तर सव्वादोन दशांश मिलिमीटर आत. म्हणूनच वरच्या दोन-तीन मायक्रॉनच्या कोटिंगने पिटिंग थांबत नाही, दुखणं कोटिंगच्या शंभरपट खाली आहे. आणि म्हणूनच हार्ड क्रोम किंवा स्प्रे केलेला जाड थर गिअरच्या दातावर कधीही देऊ नका, तो थर आणि खालचं स्टील यांचा सांधा बरोबर त्या ताणाच्या टप्प्यात येतो, आणि पापुद्रे सुटतात. शाफ्टच्या सीलखाली जे क्रोम मी आत्ता इतकं वाखाणलं तेच दातावर घातक आहे. दाताला खोलवर कठीण थर लागतो, तो कार्बुरायझिंगने मिळतो, मध्यम दाताला पाऊण-एक मिलिमीटर, म्हणजे ताणाच्या जागेच्या खूप खालपर्यंत.

पण या गिअरची केस डेप्थ मोजली, कापून घासून बघितली, ती बरोबर होती. मग पिटिंग का? तर तुकड्यावर भिंग धरा. पहिल्या खड्ड्यांच्या आजूबाजूला बारीक बारीक ठेचलेल्या खुणा दिसतील. धुळीचा कण दोन दातांत सापडला, चिरडला गेला, पण जाताना ठेच पाडून गेला, आणि ठेच पडली की तिच्या कडा वर येतात, थोड्याच, एक-दोन मायक्रॉन. पण फिल्मच अर्ध्या मायक्रॉनची! त्या कडेवर सगळा ताण एकवटतो आणि भेग खालून नाही तर वरून सुरू होते. वरून सुरू झालेल्या भेगेचं तोंड उघडं असतं, आणि त्यात ऑइल जातं. वे नावाच्या माणसाने १९३५ मध्ये याचे प्रयोग केले, त्यात असं दिसलं की कोरड्या फिरणाऱ्या रोलरवर भेगा पसरून पिटिंग होत नाही, ऑइल असलं की होतं. भेगेत ऑइल शिरतं, वरून दाब येतो, भेगेचं तोंड बंद होतं, आतलं ऑइल कोंडतं आणि भेग पुढे फाडतं. म्हणजे ऑइल आपला मित्र पण आणि इथे शत्रू पण. पिच लाइनच्या खालीच खड्डे जास्त का, कारण तिथे घसरण्याची दिशा लोळण्याच्या उलट असते, भेगेचं तोंड असं वळतं की ऑइल आत कोंडतंच.

आणि या ऑइलमध्ये पाणी होतं. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने हवा ओलीच. दिवसभर बॉक्स सत्तर-ऐंशी अंशांवर, रात्री बंद, थंड होताना आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून बाहेरची ओली हवा आत, पाण्याचे थेंब आतल्या भिंतीवर, सकाळी ऑइलमध्ये. वर जेटचं पाणी होतंच. पाणी भेगेच्या टोकाशी जाऊन स्टील ठिसूळ करतं, भेगेचा वेग वाढवतं. पाणी आहे का ते बघायला लॅब लागत नाही, लोखंडी तवा दीडशे अंशांपर्यंत तापवा आणि ऑइलचा थेंब टाका, तडतडला तर पाणी हजारात अर्ध्या-एका भागाच्या पुढे गेलंय. आमच्याकडचा थेंब चांगला तडतडला. चष्मा घाला हं, उडतं.

लॅबचा रिपोर्ट नंतर आला, आयएसओ ४४०६ चा आकडा २३/२१/१८. पहिला आकडा चार मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांचा, २३ म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस ते ऐंशी हजार कण. आकडा एकने वाढला की कण दुप्पट. आमचं लक्ष्य ठरवलं १८/१६/१३, म्हणजे पाच पायऱ्या खाली, बत्तीसपट कमी. आणि बॅरलमधून थेट ओतलेलं नवं ऑइल पण बऱ्याचदा या लक्ष्याला बसत नाही, म्हणून फिल्टर कार्टमधून भरायचं, जुन्या बादलीतून नाही.

आता या हळू जोडीत फिल्म किती बनते ते बघू, कारण पिटिंगला ऑइल खरंच उपयोगी पडतं, फक्त ऑइलमधली केमिस्ट्री नाही, जाडी. फिल्म वेग आणि विस्कॉसिटी दोघांबरोबर वाढते, सरळ पटीत नाही, जरा कमी, पॉइंट सात घाताने. वेगवान जोडीची दातावरची गती पावणेचार मीटर सेकंदाला, हळू जोडीची एक मीटरच्या आत, म्हणजे तेच ऑइल तिथे अडीचपटीहून पातळ फिल्म बनवतं. आणि व्हीजी ३२० म्हणजे ४० अंशांना ३२० सेंटिस्टोक, ८० अंशांना ते मिनरल ऑइल पन्नासच्या आत येतं. धरा ०.४ मायक्रॉन फिल्म. दोन्ही दात आरए ०.८, दोघांचा मिळून खडबडीतपणा वर्गमुळाने १.१३. ०.४ भागिले १.१३, पॉइंट पस्तीस. एकच्या खाली म्हणजे शिखरं भिडतायत. आता तेच दात ०.२५ पर्यंत फिनिश करून घेतले तर दोघांचे मिळून ०.३५, आणि सिंथेटिक पीएओ ३२० घेतलं, जे गरम असताना जास्त जाड राहतं, साठ-सत्तर, तर फिल्म पॉइंट पाच. ०.५ भागिले ०.३५, एक पॉइंट चार. चौपट सुधारणा, आणि त्यातला मोठा वाटा ग्राइंडिंग-पॉलिशचा, ऑइलचा लहान. ऑइलवर भांडणारी मंडळी फिनिशवर पैसे घालत नाहीत.

४६० किंवा ६८० चं जाड ऑइल का नाही घेतलं? कारण तेच ऑइल वेगवान जोडीत घुसळलं जातं, तापतं, आणि तापलं की पातळ होतं, घेतलेला फायदा निम्मा तिथेच जातो, आणि वर टोकाच्या बेअरिंगपर्यंत उडून पोचत नाही.

शेवटी बॉक्स असा लागला: पीएओ ३२०, बनवणाऱ्याच्या बॅकस्टॉपच्या यादीतलं, मॉली नाही. ब्रीदर सिलिका जेलवाला, रंग बदलला की बदलायचा. दात बारीक फिनिश केलेले, पिनियन फॉस्फेट, शाफ्टला क्रोम, सीलला गार्ड. ड्रेन प्लगला मॅग्नेट. मॅग्नेटवर काय चिकटतं ते वाचायला शिका: मऊ काळी पेस्ट असेल तर साधी झीज, चपटे चमकणारे तुकडे, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने दाणेदार असतील तर पिटिंग, आणि लेथच्या चिपसारखे बारीक वेटोळे असतील तर कण कापतायत. नवीन गिअरला सुरुवातीला थोडे खड्डे पडले तर घाबरू नका, भार नीट वाटला गेला की ते थांबतात, फोटो काढून ठेवा स्केल लावून, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा त्याच दाताचा काढा. वाढले तर भानगड, नाही वाढले तर चालू द्या.

[श्रोत्यांपैकी एकाने विचारलं, सोसायटीतल्या जुन्या लिफ्टच्या वर्म गिअरबॉक्समध्ये हेच पीएओ चालेल का.]

थांबा, तिथे घाई नको. लिफ्टमध्ये वर्म स्टीलचा आणि चाक फॉस्फर ब्राँझचं, वेगळे धातू मुद्दाम घेतलेत, कारण तिथे सगळंच घसरणं आहे, लोळणं फार थोडं, म्हणजे अॅधेसिव्हचाच धोका. पीएओ स्वतः वाईट नाही, पण गंधकवालं ईपी त्यात असलं तर ते गरम असताना ब्राँझ खातं, चाक काळं पडतं आणि झिजतं. तिथे लिफ्टवाल्याने सांगितलेलं, बहुतेक व्हीजी ४६० च्या आसपास, चरबी मिसळलेलं कंपाउंडेड ऑइल किंवा पीएजी नावाचं वेगळ्या जातीचं सिंथेटिक. आणि पीएजी घेतलंत तर आधीचं मिनरल थेंबभर सुद्धा राहता कामा नये, दोघं मिसळत नाहीत, चिकट गाळ होतो, आणि आतला रंग आणि सील पण पीएजीला चालतात का ते बघायला लागतं. आधी बॉक्सच्या प्लेटचा फोटो काढून आणा.

[दुसरा प्रश्न, स्टेनलेसचे बोल्ट-नट घट्ट करताना मधेच जाम होतात, तोडून काढावे लागतात.]

तो शुद्ध अॅधेसिव्ह वेअर, गॉलिंग. ३०४ वर ३०४, एकच धातू, वरचा ऑक्साइडचा थर पातळ, फुटला की वेल्ड. आपल्याकडे समुद्राच्या हवेमुळे सगळीकडे स्टेनलेस लावतात, म्हणून तक्रार जास्त. आट्याला निकेलवाली किंवा मॉलीवाली अँटी-सीझ पेस्ट लावा, नट वेगळ्या ग्रेडचा घ्या, आणि मुख्य म्हणजे इम्पॅक्ट गनने झटझट आवळू नका, हाताने, सावकाश, तापू न देता. पेस्ट लावली की तोच टॉर्क बोल्टला जास्त ताण देतो, तेव्हा टॉर्क कमी करायला विसरू नका, नाहीतर नट सुटेल नीट पण बोल्ट तुटलेला असेल.